रोपवाटिका कोणतं गांडूळखत विकत घेते?

उरुळी कांचनच्या पट्ट्यातल्या फुलझाडांच्या रोपवाटिकेत जा, नाहीतर कोकणात आंब्या-काजूची कलमं बांधणाऱ्याकडे जा. गांडूळखताचं पोतं समोर ठेवलं की जुना जाणता मालक दराची गोष्ट आधी काढत नाही. तो पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो आणि तळातलं मूठभर खत वर काढतो. ते मुठीत दाबतो, नाकाशी नेतो, मग कागदावर पसरून बोटाने चाळतो. त्यात काडी आहे का, काचेचा तुकडा आहे का, लव्हाळ्याची गाठ किंवा हुमणीची अळी आहे का, हे तो बघत असतो. एवढं झाल्यावरच तो दर विचारतो.

त्याच्या या चौकशीला कारण आहे. शेतकरी एकरभर रानात टनभर खत पसरतो, तेव्हा त्यातलं थोडं कच्चं खत मातीत खपून जातं. रोपवाटिकेत मात्र एका ढिगाचं मिश्रण हजारो पिशव्यांत भरलं जातं. खत कच्चं निघालं तर सगळ्या पिशव्यांतली रोपं एकदम पिवळी पडतात. तणाचं बी आलं तर प्रत्येक पिशवी हाताने खुरपावी लागते. म्हणून रोपवाटिकेला खत विकायचं असेल, तर त्या मालकाच्या हातातल्या मुठीपासून सुरुवात करून मागे बेडपर्यंत यावं. ती मूठ पास होण्यासाठी बेडमध्ये काय करायचं, हेच या लेखात सांगायचं आहे.

गिऱ्हाईक आधी ठरवा

खत नियंत्रण आदेश, 1985 मध्ये गांडूळखताचे निकष दिलेले आहेत. त्यानुसार नत्र किमान 1 टक्का हवा. म्हणजे एक टन खतात साधारण 10 किलो नत्र, आणि तोही पिकाला सावकाश मिळणारा. युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीत जवळपास 20 किलो नत्र असतो. त्यामुळे ऊस किंवा गव्हाच्या शेतकऱ्याला "युरियाऐवजी हे वापरा" असं सांगून खत विकू नका. त्याचा हिशेब बसत नाही आणि पुढच्या वर्षी तो परत येत नाही.

गांडूळखताचं मोल वेगळ्या गोष्टींत आहे. ते भुसभुशीत असतं, पाणी धरून ठेवतं, त्यात उपयुक्त जिवाणू असतात आणि कोवळ्या मुळांना ते मानवतं. हे गुण थोड्या खतात, मुळाजवळ, रोपाच्या लहान वयात सर्वांत जास्त उपयोगी पडतात. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात क्लाइव्ह एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुंडीतल्या माध्यमांवर अनेक प्रयोग केले. माध्यमात 10 ते 20 टक्के गांडूळखत मिसळलं की रोपांची वाढ चांगली होते आणि प्रमाण फार वाढवलं तर फायदा कमी होतो, असं त्यांना वारंवार दिसलं.

रोपवाटिकेच्या मालकाशी बोलताना हाच आकडा धरा. दोन लिटरच्या एक हजार पिशव्या भरायला 2,000 लिटर मिश्रण लागतं. त्यात 15 टक्के गांडूळखत धरलं तर 300 लिटर होतं. चाळलेलं खत लिटरला साधारण 800 ग्रॅम भरतं, म्हणजे सुमारे 240 किलो. एक मध्यम रोपवाटिका हंगामात किती पिशव्या भरते हे विचारलंत की तिची गरज तुम्हाला जागेवर काढता येईल.

शेतकऱ्यांमध्येही झाडागणिक खत घालणारे, म्हणजे डाळिंब, द्राक्ष, पेरू, भाजीपाला, आलं-हळद आणि पॉलिहाउसवाले हे तुमचे गिऱ्हाईक आहेत. सरसकट एकरी टनावारी घेणारा शेतकरी बहुधा शेणखतच घेईल आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

कच्च्या मालात काय येऊ द्यायचं नाही

शेण, वाळलेला पालापाचोळा, सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, भाजीची देठं, फळांच्या साली हे सगळं चालतं. कच्च्या मालाची यादी करणं सोपं आहे. खताची गुणवत्ता मात्र तुम्ही काय नाकारता यावर ठरते.

पहिली गोष्ट, खानावळीचं किंवा मंगल कार्यालयाचं उष्टं अन्न. त्यात मीठ आणि तेल असतं. गांडुळाची त्वचा ओली आणि उघडी असते, मीठ तिला सोसत नाही. शिवाय मीठ कुजून जात नाही. ढिगाचं वजन घटत जातं आणि मीठ तेवढंच राहतं, त्यामुळे तयार खतात ते दाटत जातं. असं खत रोपाला घातलं की पानांच्या कडा करपतात. म्हणून खानावळीशी ठरवतानाच सांगा, की आम्हाला भाजी चिरतानाचा कचरा द्या, ताटातलं उरलेलं नको. दोन वेगळे डबे तुम्हीच नेऊन ठेवलेत तर हे पाळलं जातं. लिंबू-मोसंबीच्या साली आणि कांद्या-लसणाचा कचरा थोडाच घ्या. मांस, मासळी आणि दूध अजिबात घेऊ नका, कारण त्यावर उंदीर आणि माश्या येतात.

दुसरी गोष्ट, मंडईतला कचरा. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, रबर, सुतळी आणि कधी काच असते. कचरा ओला असतानाच ताडपत्रीवर पातळ पसरून वेचून घ्या. कुजल्यावर प्लास्टिक काळं पडतं आणि दिसत नाही. रोपवाटिकेतल्या बायका दिवसभर उघड्या हातांनी पिशव्या भरतात. एकदा कुणाच्या बोटाला काच लागली तर तुमचं पोतं तिथं पुन्हा उतरणार नाही.

तिसरी गोष्ट, शेतातलं तण. हराळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी ढिगाच्या थंड कडेला जिवंत राहतात, म्हणून त्या घेऊच नका. गाजरगवत फुलायच्या आधी उपटलं असेल तर चालतं, फुलावर आलेलं नको. तसंच मर लागलेली टोमॅटो-वांग्याची झाडं आणि मुळांवर सूत्रकृमीच्या गाठी असलेली झाडं ढिगात टाकू नका. त्याच टोमॅटोची रोपं तयार करणाऱ्याला तुम्ही खत विकणार आहात.

आधी कुजवा, मग गांडुळं सोडा

गांडूळखताच्या कामात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घाईमुळे. ताजं शेण आणि हिरवा कचरा एकत्र आला की ढीग आतून 55 ते 60 अंशांपर्यंत तापतो. गांडुळं 35 अंशांच्या वर तग धरत नाहीत. ताज्या मालावर गांडुळं सोडली तर ती कडेला पळतात किंवा मरतात. मग दुकानदाराने वाईट गांडुळं दिली, असा समज होतो.

पण ही उष्णता वाया घालवायची नाही. तणाचं बी आणि रोगजंतू मारण्याचं काम तीच करते. गांडुळाच्या पोटातून गेलं म्हणून तणाचं बी मरतंच असं नाही. म्हणून बेडच्या बाहेर, सावलीत, आधी ढीग लावा. खाली चार बोटं जाड काड्यांचा थर द्या. त्यावर कोरडा माल, ओला कचरा आणि शेणकाला असे थर चढवत ढीग तीन फूट उंच करा. पाचट असेल तर कडबा कुट्टी यंत्रातून बारीक करूनच घ्या. अख्खं पाचट दोन महिन्यांतही कुजत नाही आणि पुढे चाळणीत अडकतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात लोखंडी पहार खुपसून पाच मिनिटं ठेवा आणि बाहेर काढून तिचं टोक धरा. हाताला चटका बसला तर ढीग नीट तापला आहे. कोमटच लागली तर ढिगात शेण किंवा ओलावा कमी आहे. आठवड्याने ढीग उलथा, बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर करा, म्हणजे सगळा माल एकदा तरी त्या उष्णतेतून जाईल. पुढच्या आठवड्यात पुन्हा उलथा. साधारण 20 दिवसांनी पहार हाताइतकीच कोमट लागू लागते, शेणाचा वास जातो आणि मालाचा रंग तपकिरी होतो. तेव्हाच तो बेडमध्ये भरा. उलथताना शेणातल्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या, म्हणजे हुमणी आणि गेंड्या भुंग्याच्या अळ्या दिसतात. त्या तिथंच वेचा, कोंबड्या त्या आनंदाने खातात. ऊस पट्ट्यातला शेतकरी हुमणीची एक अळी दिसली तरी पोतं परत करतो.

कोंबडीखत मात्र या ढिगात फार घालू नका. त्यातून निघणारा अमोनिया आणि क्षार दोन्ही गांडुळांना घातक आहेत.

बेडमध्ये काय बघायचं

बाजारात 12 फूट लांब, 4 फूट रुंद आणि 2 फूट उंचीचे प्लास्टिकचे विणलेले बेड मिळतात. छोट्या उद्योगाला ते पुरतात. चार फुटांपेक्षा रुंद बेड घेऊ नका, कारण मधोमध हात पोचत नाही. बेडला एका बाजूला थोडा उतार द्या, पाण्याला वाट ठेवा आणि वर छप्पर करा. कोकणात पावसाचं पाणी साचलं तर गांडुळं रात्री बेड सोडून जातात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात नुसतं शेडनेट पुरत नाही, त्यावर पाचट किंवा पऱ्हाटीचं आच्छादन लागतं. बेडवर ओलं गोणपाट कायम असू द्या.

गांडुळं आयसेनिया फेटिडा या जातीची घ्या. ती लालसर असतात, वरच्या थरात राहतात आणि कुजणारा पदार्थ खातात. पावसाळ्यात शेतात दिसणारी मोठी गांडुळं माती खातात आणि खोल जातात, ती बेडमध्ये टिकत नाहीत. चौरस मीटरला एक किलो या हिशेबाने वरच्या मापाच्या बेडला चार ते पाच किलो गांडुळं लागतात. पहिल्या खेपेला खत व्हायला अडीच-तीन महिने लागतील. कोषातून पिल्लं निघायला तीन आठवडे आणि ती मोठी व्हायला आणखी दीड-दोन महिने जातात. संख्या वाढली की पुढच्या खेपा 45 ते 60 दिवसांत उतरतात. पहिल्या वर्षी गांडुळं विकून पैसे करायचा मोह टाळा, नाहीतर दुसरी खेप पहिलीइतकीच रेंगाळते.

माल दीड फुटापेक्षा उंच भरू नका, नाहीतर तो पुन्हा तापतो आणि तळाला हवा पोचत नाही. ओलावा मुठीने तपासा. मूठ घट्ट दाबली की बोटांमधून दोन-चार थेंब यावेत, धार लागली तर पाणी जास्त झालं. बेडला कुजका, आंबूस वास आला तर तळाला पाणी साचलंय असं समजा. मग पाणी बंद करून दाताळ्याने वरचा थर मोकळा करा आणि कोरडा पाला मिसळा. वर मुंग्या दिसल्या तर उलट बेड कोरडा पडलाय. पाणी वाढवा आणि बेडच्या भोवती पाण्याची चर ठेवा. मुंग्यांची पावडर बेडवर कधीच टाकू नका. उंदीर, घुशी, बेडूक आणि कोंबड्या गांडुळं फस्त करतात, म्हणून बाजूंना बारीक जाळी लावा.

चाळणी आणि ओलावा

वरचा थर काळसर, रवाळ आणि चहाच्या भुकटीसारखा दिसू लागला की पाणी बंद करा. पाच-सहा दिवसांत वरचा थर सुकतो आणि गांडुळं खाली जातात. मग वरून हलक्या हाताने खत खरवडून घ्या. फावडं-खुरपं वापरू नका, गांडुळं तुटतात. काढलेल्या खताचे छोटे शंकूच्या आकाराचे ढीग उजेडात लावले की उरलेली गांडुळं तळाशी गोळा होतात आणि ती परत बेडमध्ये टाकता येतात.

खत नियंत्रण आदेशाप्रमाणे किमान 90 टक्के खत 4 मिलिमीटरच्या चाळणीतून जायला हवं. ट्रेमध्ये भाजीची रोपं तयार करणारे त्याहून बारीक मागतात, तर कलमांच्या पिशव्या भरणाऱ्यांना हेच माप चालतं. चाळणीवर उरलेल्या चोथ्यात गांडुळांचे पिवळसर, लिंबाच्या आकाराचे बारीक कोष असतात. तो चोथा फेकू नका, पुढच्या बेडमध्ये टाका.

आता ओलाव्याचं. विक्रीच्या खतात 15 ते 25 टक्के ओलावा असावा, असा निकष आहे. बेडमधून काढलेल्या खतात तो याच्या दुप्पट असू शकतो. म्हणून खत सावलीत चार बोटं जाड पसरून, रोज हलवत सुकवा. कडक उन्हात सुकवलं तर खतातले जिवाणू मरतात, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतो ते त्यांच्यासाठीही. ओलावा मोजायला एक किलो खत वजन करून घ्या. ते वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत उन्हात पूर्ण वाळवा आणि पुन्हा तोला. 770 ग्रॅम भरलं तर ओलावा 23 टक्के होता. नमुना तपासणीनंतर टाकून द्यायचा, म्हणून तो उन्हात वाळवला तरी चालतो.

घरी करायच्या तीन तपासण्या

पहिली पिशवीची. मूठभर खत किंचित ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि तीन दिवस सावलीत ठेवा. पिशवी उघडल्यावर पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा मातीचा वास आला तर खत मुरलं आहे. उग्र किंवा कुजका वास आला तर ते कच्चं आहे, त्याला आणखी पंधरा दिवस द्या.

दुसरी बियांची. एका ट्रेमध्ये नुसता कोकोपीट भरा आणि दुसऱ्यात चार भाग कोकोपीट व एक भाग खत. दोन्हींत मेथी किंवा मोहरीचे पन्नास-पन्नास दाणे पेरा. आठवड्याने खताच्या ट्रेमध्ये उगवण कमी दिसली किंवा मुळांची टोकं तपकिरी झाली, तर खतात क्षार जास्त आहेत किंवा ते कच्चं आहे. तिसरा ट्रे नुसत्या खताचा ठेवा आणि त्यात काहीही न पेरता दोन आठवडे पाणी द्या. त्यात जे उगवेल ते तण तुमच्या खतातलं आहे.

तिसरी क्षारांची. एक भाग खत आणि पाच भाग स्वच्छ पाणी ढवळून अर्धा तास ठेवा, गाळा आणि त्यात ईसी मीटर बुडवा. दर खेपेला हेच प्रमाण आणि हेच पाणी वापरा, म्हणजे खेपांची एकमेकींशी तुलना करता येते. एखाद्या खेपेत आकडा एकदम वाढला तर कच्च्या मालात मीठ कुठून आलं ते शोधा. वर्षातून एकदा कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब आणि जड धातूंची तपासणी करून घ्या. सेंद्रिय कर्ब किमान 18 टक्के हवा.

एका बेडचा खरा हिशेब

शंभर किलो कचऱ्यातून पन्नास किलो खत मिळतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते ओलं खत तोलून सांगितलेलं असतं. हिशेब कोरड्या वजनावर करा, म्हणजे फसगत होत नाही.

समजा, घरी दोन गाई आहेत. महिनाभरात त्यांचं 600 किलो शेण मिळालं. शेणात सुमारे 80 टक्के पाणी, म्हणजे कोरडा भाग 120 किलो. खानावळीतून भाजीचा कचरा 300 किलो आला. त्यातही तेवढंच पाणी, म्हणजे कोरडा भाग 60 किलो. शेतातला वाळका पाला आणि भुसकट 250 किलो घेतलं. त्याचा कोरडा भाग सुमारे 215 किलो. एकूण 1,150 किलो मालात कोरडा भाग 395 किलो झाला. कुजण्यात आणि गांडुळांच्या खाण्यात यातला साधारण 40 टक्के भाग हवेत जातो. उरले सुमारे 237 किलो. 25 टक्के ओलावा धरला तर विकण्याजोगं खत सुमारे 315 किलो भरतं. चाळणीचा चोथा वजा करून 300 किलो धरा.

म्हणजे भरलेल्या मालाच्या पाव भागापेक्षा थोडं जास्त. हेच खत 40 टक्के ओलाव्यावर तोललं तर 395 किलो भरतं. ओलं खत विकणाऱ्याचा दर स्वस्त का असतो, हे यावरून कळेल, आणि गिऱ्हाइकालाही हे असंच समजावून सांगता येईल.

आता खर्च. हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचे भाव घालून हिशेब पुन्हा मांडा. शेणाची किंमत किलोला एक रुपया धरली तर 600 रुपये. कुट्टीचे 300, कचरा आणण्याचे 200, पोत्यांचे 120. ढीग लावणं, उलथणं, भरणं, रोजचं पाणी, काढणी आणि चाळणी मिळून चार दिवसांची मजुरी 400 रुपयांप्रमाणे 1,600. एकूण 2,820 रुपये, म्हणजे किलोला सुमारे साडेनऊ रुपये. बेड, छप्पर आणि गांडुळांचा सुरुवातीचा खर्च यात धरलेला नाही.

हे खत 8 रुपयांना दिलं तर तोटा आहे. 12 रुपयांना दिलं तर एका खेपेमागे सुमारे 780 रुपये उरतात, आणि काम घरच्याच माणसांनी केलं असेल तर मजुरीचे 1,600 रुपयेही घरात राहतात. खर्चातला अर्ध्याहून मोठा वाटा मजुरीचा आहे, म्हणून पहिली बचत तिथंच करा. झारीऐवजी पाइपला फवारा लावा आणि हातचाळणीऐवजी फिरती चाळणी घ्या. महिन्याला एक बेड भरायचा तर खेपेगणिक तीन महिने धरून तीन बेड आणि कुजवण्याचा एक ढीग पुरतो. त्यातून वर्षाला साडेतीन टनांच्या आसपास खत निघेल. हा घरच्या शेतीला जोड देणारा धंदा आहे. यापेक्षा मोठं उत्पन्न हवं असेल तर आधी शेणाचा स्रोत वाढवावा लागेल, कारण सगळा हिशेब त्यावर बेतलेला आहे.

विक्रीचं वेळापत्रक

रोपवाटिकांत पावसाळ्यातल्या लागवडीसाठी पिशव्या भरायचं काम मार्च ते मे महिन्यांत चालतं. तेव्हा खत तयार हवं असेल तर ढीग डिसेंबर-जानेवारीत लागला पाहिजे. ज्यांनी उन्हाळ्यात शेण साठतं म्हणून तेव्हा बेड भरले, त्यांचं खत ऐन पावसात तयार होतं. त्या वेळी पिशव्या भरून झालेल्या असतात आणि खत सुकवणंही अवघड जातं.

पहिल्या भेटीत एक पोतं विकत द्या आणि शंभर पिशव्यांवर वापरून बघायला सांगा. फुकट दिलेलं पोतं बहुधा कोपऱ्यात पडून राहतं. दर किलोवर ठरवायचा की मापावर, हे आधीच मोकळं करा. अनेक रोपवाटिका मिश्रण घमेल्यांवर मोजतात. वजनावर विकणार असाल तर ओलावा किती टक्क्यांपर्यंत असेल हे बोलून घ्या. बाकी किती दिवसांनी मिळणार हेही त्याच वेळी ठरवा, कारण रोपं विकली गेल्यावरच तिथं पैसा येतो.

प्रत्येक खेपेला क्रमांक द्या. वहीत ढीग लावल्याची तारीख, कचरा कुठून आला, शेण कुणाचं, काढणी कधी झाली, ओलावा आणि ईसी किती, एवढं लिहा आणि त्या खेपेचं एक किलो खत बरणीत बाजूला ठेवा. रोपं पिवळी पडल्याची तक्रार आली, तर दोष खताचा की पाण्याचा हे त्या बरणीतल्या खतावर बी पेरून दोघांना मिळून बघता येतं. जी माणसं असं करतात त्यांच्याशी रोपवाटिका वर्षानुवर्षं व्यवहार ठेवतात.

खत विक्रीवर खत नियंत्रण आदेश लागू होतो. पिशवीवर नाव छापून बाजारात उतरण्याआधी तालुका किंवा जिल्हा कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन कोणती परवानगी आणि कोणती तपासणी लागते ते लेखी विचारून घ्या. पिशवीवर नत्र-स्फुरद-पालाशाचे आकडे टाकायचे असतील तर ते प्रयोगशाळेच्या अहवालातलेच टाका.

साठवण सावलीत, लाकडी फळ्यांवर, हवा खेळणाऱ्या विणलेल्या पोत्यांत करा. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या बंद पोत्यात ओलं खत गुदमरतं आणि वास मारू लागतं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने एकच बेड भरावा. ती खेप वर सांगितलेल्या तिन्ही तपासण्यांतून गेली, की जवळच्या दोन रोपवाटिकांत एकेक पोतं द्यावं आणि महिन्याने जाऊन त्या शंभर पिशव्या स्वतःच्या डोळ्यांनी बघाव्यात. दोघांपैकी एकाने जरी पुढच्या हंगामाची मागणी वजनासकट सांगितली, तर दुसरा बेड घ्या. कुणीच सांगितली नाही, तर का नाही हे विचारा आणि त्यांनी जे सांगितलं ते पुढच्या ढिगात दुरुस्त करा.